शुक्रवारची गाणी : जोशी मॅडमचा निरोप समारंभ

मंडळी,

शुक्रवारची यादी पक्की झाली. ग्रुपवर आलेल्या सूचनांपैकी निम्म्या घेतल्या आहेत, निम्म्यांवर काट मारली आहे. ज्यांचं गाणं गेलं त्यांनी रागावण्याआधी एवढं बघावं की मॅडमना रडवायचं काम भाषणं करणारच आहेत, त्यासाठी गाण्यांची गरज नाही. म्हणून ‘कभी अलविदा ना कहना’ छापाचं काहीही घेतलेलं नाही. ‘एक धागा सुखाचा’ मॅडमना आवडतं हे मान्य. सुधीर फडक्यांचा आवाज कुणाला आवडत नाही? पण बाईंच्या हातात शाल-श्रीफळ आणि मागे शंभर धागे दुःखाचे, हे बरं दिसणार नाही.

सहा ते पावणेसात लोक येत राहतील. आवाज इतका कमी ठेवायचा की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागू नये. ‘शुक्रतारा मंद वारा’, ‘ये शाम मस्तानी’ आणि ‘तोच चंद्रमा नभात’. हे शेवटचं मुद्दाम. व्हाउचर तपासताना मॅडम हेच गुणगुणतात, तेही मुखडा सोडून थेट अंतऱ्यापासून, आणि आकडा जुळला नाही की मध्येच थांबतात. त्या दारातून आत येताना जे गाणं चालू असेल ते चालू राहू दे. तुतारी, टाळ्यांचा आवाज, लग्नातल्यासारखी एन्ट्री, काही नको. त्या अवघडतील.

पावणेसातला भाषणं. तेव्हा पूर्ण शांतता, मागे बासरीसुद्धा नको. साहेबांचा आवाज मुळात बारीक, त्यात बासरी वाजली तर मागच्या रांगेला दोन्ही ऐकू येणार नाहीत.

भाषणांनंतर फोटो. अनिकेतने नव्वद फोटो निवडलेत, पाच सेकंदाला एक म्हणजे साडेसात मिनिटं. मॅडम 1988 साली रुजू झाल्या, म्हणून त्या वर्षापासून सुरुवात करू : ‘अशी ही बनवाबनवी’मधलं ‘हृदयी वसंत फुलताना’. वेणी, मोठा चष्मा आणि लेजरचा ढीग असलेला तो फोटो या गाण्यावर आला तर हशा ठरलेला. मग अरुण दातेंचं ‘या जन्मावर या जगण्यावर’. गाणं उरलं तर हळूहळू आवाज कमी करा, कापू नका.

जेवताना जुनी हिंदी, बहुतेक द्वंद्वगीतं. ‘अभी ना जाओ छोडकर’ इथेच वाजेल. ते शेवटी ठेवा असं तिघांनी सुचवलं होतं, पण शेवटी ते कानाला आर्जव वाटतं आणि जेवणाच्या ताटावर नुसतं गोड वाटतं. या तासाला मी फार डोकं लावलेलं नाही. लोक जेवतात, गाणी कोण ऐकतं?

साडेआठनंतर नाच. पहिल्याच गाण्याला कुणी उठत नाही, त्यामुळे ‘झिंगाट’ आधी वाजवून वाया घालवायचं नाही. सुरुवात ‘ही चाल तुरुतुरु’ने, बसल्या बसल्या टाळ्या वाजवण्यासारखं. मग किशोरकुमारचं ‘अश्विनी ये ना’, त्याला डिस्पॅचवाले उठतातच. त्यानंतर पुन्हा 1988 : ‘तेज़ाब’मधलं ‘एक दो तीन’. छत्तीस वर्षं आकडे मोजलेल्या बाईंसाठी यापेक्षा चपखल गाणं मला तरी सापडलं नाही. मग ‘कोंबडी पळाली’, आणि त्याला लागूनच ‘झिंगाट’. एकदाच. ‘वन्स मोअर’ कितीही झालं तरी एकदाच, कारण मॅडमचा गुडघा दुखतो आणि आपण ओढलं की त्या नाही म्हणत नाहीत. खुर्ची पुढेच राहू दे.

शेवटची वीस मिनिटं वेग उतरवायचा, पण मनं पाडायची नाहीत. ‘ज़िंदगी एक सफर है सुहाना’ आणि मग ‘पापा कहते हैं’. ‘क़यामत से क़यामत तक’मध्ये ते कॉलेजच्या निरोप समारंभातच गायलेलं आहे, पुढे काय करणार हे माहीत नसलेल्या मुलाने. साठीला हा प्रश्न पडणं जास्त मजेचं. मॅडम निघाल्या की रफीचं ‘मैं ज़िंदगी का साथ निभाता चला गया’, आणि ते खुर्च्या आवरणाऱ्यांसाठी दुसऱ्यांदाही वाजवायला माझी हरकत नाही.

स्पीकरला माझा जुना फोन जोडणार आहे, त्यात सिमकार्ड नाही. फोटोंच्या मध्ये कर्जाची ऑफर देणारा कॉल नको. गाणी उतरवून घेतली आहेत, त्यामुळे नेट गेलं तरी चालेल. दोन गाण्यांमध्ये सहा सेकंदांचा क्रॉसफेड लावलाय, फोटोंच्या आधी तो बंद करायचा आहे. फर्माइशी कागदावर लिहून प्रियांकाकडे द्या. फोनला हात फक्त ती आणि मी लावणार.