मृग ते मृग: पुण्याच्या बाल्कनीचं आणि अंगणाचं पेरणी-काढणीचं वेळापत्रक

हे वेळापत्रक पुण्याच्या हवेसाठी आहे. पाच-सहा तास ऊन लागणारी बाल्कनी किंवा मागचं छोटं अंगण, एवढी जागा पुरते. आमच्याकडे वर्षाचे दोन मुक्काम ठरलेले आहेत: ऋषिपंचमीची भाजी आणि भोगीची भाजी. या दोन दिवसांपासून दिवस मागे मोजायचे, म्हणजे पेरणी कधी करायची ते कळतं.

जून
मृग 7-8 जूनला लागतो, पण एका सरीला भुलून बी टाकू नका. माती बोटभर खोल ओली लागली की पेरा: भेंडी, गवार, पडवळ, दोडका, कारलं, लाल माठ. अळूचे कंदही आताच. भेंडीचं बी रात्रभर भिजवून अर्धा इंच खोल टाकायचं. भेंडीला 45-50 दिवस लागतात, दोडका-पडवळाला साधारण दोन महिने. 20 जूनच्या आत पेरलं, तर पंचमी ऑगस्टअखेर आली तरी भाजी हाती येते. वेलांना 18 इंची कुंडी किंवा पिशवी हवीच, लहान कुंडीत वेल नुसता जगतो.

जुलै
आठवण: कुंड्यांखालच्या ताटल्या काढून ठेवा, तळाची भोकं काडीने मोकळी करा. गोगलगायी रात्री टॉर्च घेऊन वेचाव्या लागतात, दुसरा उपाय एवढा खात्रीचा नाही. मेथी-कोथिंबीर या पावसात कुजते, नाद सोडा.
महिनाअखेरीस कुंपणाशी पावटा टोकून ठेवा. दिवस लहान झाल्याशिवाय तो फुलत नाही. सप्टेंबरात नुसती पानंच दिसतात, म्हणून कुणी उपटू नये.

ऑगस्ट
दोडक्याची पिवळी फुलं संध्याकाळी उमलतात. ज्या फुलामागे करंगळीएवढा इवला दोडका दिसतो ते मादीफूल. साध्या दांड्यावर घोसाने येतात ती नरफुलं. वरच्या मजल्यांवर कीटक कमी फिरकतात, म्हणून दिवेलागणीला एक नरफूल तोडा, पाकळ्या मागे मुडपा आणि मधला पिवळा भाग मादीफुलावर अलगद फिरवा. दोन-चार दिवसांत इवला दोडका हिरवागार फुगला तर जमलं, पिवळा पडून गळला तर परागकण पोचले नाहीत. पहिल्या वर्षी आमचे सगळे दोडके असेच गळले आणि आम्ही उगाच खत वाढवत बसलो.
भोगीची वांगी हवीत तर या महिन्यात रोप टाका. टोमॅटो आणि मिरचीचंही.

सप्टेंबर
ऋषिपंचमीला अळू, माठ, भेंडी, पडवळ, दोडका घरचे. भेंडी एक दिवसाआड तोडा, नाहीतर जून होते. एक चांगलं झाड बियांसाठी राखा. चार-पाच आठवड्यांची वांगी-टोमॅटोची रोपं संध्याकाळी 12 इंची कुंडीत, एका कुंडीत एकच.

ऑक्टोबर
वर्षातला सगळ्यात कामाचा महिना. 10 तारखेच्या आत गाजर, कारण त्याला 90 दिवस लागतात. रोप करून लावायचं नाही, जागेवरच पेरायचं. उगवायला 10-15 दिवस घेतं, तोवर वर ओलं गोणपाट ठेवा आणि पहिला कोंब दिसताच काढा. हरभराही महिन्याच्या मध्याला.
धणे लाटण्याने हलकेच रगडून दोन फाका करून पेरा. मेथी, कोथिंबीर, पालक एकदम पेरू नका, दर 15 दिवसांनी एक ट्रे. मेथी महिन्याभरात खुडायला येते.

नोव्हेंबर-डिसेंबर
मुळा 40-45 दिवसांत उपटा, उशीर झाला की आत जाळी पडते. पानांखाली मावा दिसला तर लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा द्रवसाबण, संध्याकाळी फवारा. भुरीला आंबट ताक, नऊपट पाण्यात.

जानेवारी
संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. सकाळी गाजर, वांगी, पावटा, हरभऱ्याचे घाटे एकाच टोपलीत काढायचे. तिळाचं कूट आणि बाजरीची भाकरी तयार असतेच.

फेब्रुवारी
रात्रीची थंडी ओसरली की उन्हाळी पेरा: भेंडी, गवार, काकडी, दुधी, तांदुळजा. दुधीची पांढरी फुलंही संध्याकाळी उमलतात, ऑगस्टचंच काम पुन्हा. हळदीची पानं वाळली असतील तर कंद काढा आणि दोन-तीन जाड गड्डे सावलीत बेण्याला ठेवा.

मार्च ते मे
पाणी सकाळी लवकर, एप्रिलपासून दोन वेळा. मातीवर वाळल्या पानांचा चार बोटं थर, दुपारच्या उन्हाला हिरवी जाळी. रिकाम्या कुंड्यांची माती मे महिन्यात पसरून आठ दिवस कडक उन्हात तापवा, मग तिसरा हिस्सा शेणखत किंवा कंपोस्ट मिसळून भरा. महिनाअखेरीस राखलेली हळद आणि बाजारातलं डोळे फुटलेलं आलं, डोळा वर करून दोन इंच खोल लावा.