प्रथम सत्र परीक्षा : इयत्ता आठवी ते दहावी, वर्गनिहाय व विषयनिहाय निकाल आणि लक्ष देण्याच्या जागा

दिनांक : १२ नोव्हेंबर २०२५
प्रति : मा. मुख्याध्यापक
कडून : परीक्षा विभागप्रमुख

आपण शनिवारच्या शिक्षकसभेआधी निकालाचा गोषवारा मागितला होता, तो सादर करत आहे. तीन इयत्तांच्या सहा तुकड्यांचा पट २७९ आहे. २७० विद्यार्थी परीक्षेला बसले आणि सहाही विषयांत उत्तीर्ण झालेले १६८ आहेत, म्हणजे ६२.२ टक्के. मात्र या एका आकड्यावर सभेत चर्चा सुरू झाली, तर ती "मुले अभ्यास करत नाहीत" या वाक्यापाशी जाऊन थांबेल. खरी अडचण तीन ठिकाणी आहे आणि तिन्ही ठिकाणची कारणे निरनिराळी आहेत. त्यातही दहावी ब चे विज्ञान सर्वांत आधी हाती घ्यावे लागेल.

आकडे कसे काढले

प्रत्येक विषय १०० गुणांचा, उत्तीर्णतेसाठी ३५ गुण. सवलतीचे गुण धरलेले नाहीत. टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांवर काढली आहे. नऊ विद्यार्थी सर्व पेपरांना गैरहजर होते. त्यांपैकी पाच जणांचे वैद्यकीय प्रमाणपत्र आले आहे, चौघांचे नाही. पटावर काढल्यास एकूण निकाल ६०.२ टक्के होतो. पालकसभेत कोणी हा आकडा पुढे केला, तर फरक कुठून आला ते आपल्याला ठाऊक असावे म्हणून नोंदवले.

हे मुद्दाम लिहिण्याचे कारण असे की दोन तुकड्यांच्या गुणयादीत गैरहजर विद्यार्थ्यापुढे "गै" ऐवजी शून्य भरले होते. शून्य हे गुण म्हणून मोजले जाते, त्यामुळे नववी ब चा गणिताचा निकाल ५०.० ऐवजी ४६.८ दिसत होता. आता सर्व याद्यांना एकच सूत्र लावले आहे. ते अक्षरी नोंद मोजत नाही. नववी ब साठी ते असे :

```
=COUNTIF(E2:E48,">=35")/COUNT(E2:E48)
```

उत्तरपत्रिकांच्या पडताळणीत बेरजेच्या तीन चुका सापडल्या, त्यांपैकी दोन ठिकाणी नापासाचा पास झाला. खालच्या तक्त्यांत दुरुस्त आकडे आहेत. वर्गशिक्षकांकडे आधी गेलेली कच्ची यादी कृपया कोणी वापरू नये.

वर्गनिहाय निकाल

| तुकडी | पट | बसले | सर्व विषयांत उत्तीर्ण | टक्के |
|---|---|---|---|---|
| आठवी अ | ४८ | ४७ | ३६ | ७६.६ |
| आठवी ब | ४६ | ४४ | २८ | ६३.६ |
| नववी अ | ५० | ४९ | ३१ | ६३.३ |
| नववी ब | ४७ | ४४ | १९ | ४३.२ |
| दहावी अ | ४५ | ४५ | ३५ | ७७.८ |
| दहावी ब | ४३ | ४१ | १९ | ४६.३ |
| एकूण | २७९ | २७० | १६८ | ६२.२ |

एकूण टक्केवारी सहा टक्केवाऱ्यांची सरासरी काढून आलेली नाही (ती ६१.८ येते); एकूण उत्तीर्ण भागिले एकूण बसलेले अशी आहे. तुकड्यांचे पट जवळपास सारखे असल्यामुळे या वेळी फरक थोडा आहे, पण पद्धत एकच राहावी.

विषयनिहाय उत्तीर्णतेचे टक्के

| तुकडी | मराठी | हिंदी | इंग्रजी | गणित | विज्ञान | सामाजिक शास्त्रे |
|---|---|---|---|---|---|---|
| आठवी अ | ९५.७ | ९३.६ | ८५.१ | ८०.९ | ८९.४ | ९१.५ |
| आठवी ब | ९३.२ | ९०.९ | ७०.५ पिवळी | ७५.० | ८१.८ | ८८.६ |
| नववी अ | ९५.९ | ९३.९ | ८१.६ | ६९.४ पिवळी | ८७.८ | ९१.८ |
| नववी ब | ८८.६ | ८६.४ | ५६.८ लाल | ५०.० लाल | ७०.५ पिवळी | ८१.८ |
| दहावी अ | ९७.८ | ९५.६ | ८८.९ | ८२.२ | ९३.३ | ९५.६ |
| दहावी ब | ९२.७ | ९०.२ | ६८.३ पिवळी | ६५.९ पिवळी | ५३.७ लाल | ८७.८ |
| एकूण | ९४.१ | ९१.९ | ७५.६ | ७०.७ | ८०.० | ८९.६ |

६० टक्क्यांखाली लाल खूण, ६० ते ७५ च्या आत पिवळी. ३६ चौकटींत तीन लाल आणि पाच पिवळ्या आहेत. आठवी ब चे गणित बरोबर ७५ वर असल्यामुळे खुणेतून सुटले. एक विद्यार्थी कमी पास झाला असता तर तेही पिवळे झाले असते. मराठी, हिंदी आणि सामाजिक शास्त्रांबद्दल सभेत वेळ घालवण्यासारखे काही नाही.

लाल खूण १ : दहावी ब, विज्ञान

पहिल्या घटक चाचणीत याच तुकडीत ४२ पैकी ३६ जण, म्हणजे ८५.७ टक्के, विज्ञानात उत्तीर्ण होते. तेच विद्यार्थी आता ५३.७ वर आले. दहावी अ ला हीच प्रश्नपत्रिका होती आणि तिथे ९३.३ टक्के निकाल लागला, त्यामुळे पेपर अवघड होता असे म्हणता येणार नाही.

प्रश्ननिहाय गुण मांडल्यावर चित्र स्पष्ट झाले. प्रकाशाचे अपवर्तन, भिंगे आणि विद्युतधारेचे परिणाम या भागाला ४० गुण होते. त्यात दहावी अ ची सरासरी २३.६ आणि ब ची ११.२. उरलेल्या ६० गुणांत अ ३४.१, ब २७.४. दोन तुकड्यांत थोडे अंतर नेहमीच असते, पण पहिल्या भागात निम्म्याहून जास्त गुण गेले आहेत. भिंगाच्या सूत्रावरचे उदाहरण ४१ पैकी २९ जणांनी सोडवायला घेतलेच नाही. चुकीचे उत्तर आले असते तर सराव कमी पडला असे म्हटले असते. कोरी जागा म्हणजे तो भाग मुलांपर्यंत पोहोचलाच नाही.

विषयशिक्षकांच्या दीर्घ रजेत या प्रकरणांच्या तासिका बदली शिक्षकांनी घेतल्या. बदलीच्या नोंदवहीनुसार त्यांतले बहुतेक शिक्षक भाषा विषयांचे होते. रजा रीतसर होती आणि तासिकाही रिकामी गेली नाही, त्यामुळे यात कोणाला बोल लावावा असे मला वाटत नाही. पण तासिका भरली म्हणजे प्रकरण शिकवून झाले असे आपण धरून चाललो, आणि परीक्षा विभागानेही पेपर काढण्याआधी ब तुकडीत कुठपर्यंत शिकवून झाले आहे हे विचारले नाही. ती चूक आमची.

या तुकडीतले सात विद्यार्थी फक्त विज्ञानात नापास आहेत. ते उत्तीर्ण झाले असते तर दहावी ब चा निकाल ४६.३ ऐवजी ६३.४ असता. म्हणून इथे उपाय सर्वांत लवकर फळेल : आठवड्याला दोन जादा तासिका, चार आठवडे, फक्त या तीन प्रकरणांसाठी आणि भिंगांसाठी प्रयोगशाळेतच. त्यानंतर याच भागाची ४० गुणांची फेरचाचणी.

लाल खुणा २ आणि ३ : नववी ब, गणित व इंग्रजी

या दोन खुणा मी वेगळ्या धरत नाही. नापास झालेल्या २५ जणांपैकी १६ जण दोन्ही विषयांत नापास आहेत, सहा फक्त गणितात आणि तीन फक्त इंग्रजीत. विज्ञानाची पिवळी खूणही याच मुलांमुळे आहे. तिथल्या १३ नापासांपैकी १२ या सोळांतलेच. सोळापैकी ११ जणांची हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली आहे. जादा तासिका ठेवल्या आणि ही मुले शाळेतच आली नाहीत, तर उपयोग शून्य. म्हणून आधी पालकांची भेट, मग तासिका.

गणितातल्या २२ नापासांच्या उत्तरपत्रिका मी स्वतः पाहिल्या. नऊ जणांना ३० ते ३४ गुण आहेत, आठ जणांना २० ते २९, पाच जणांना २० पेक्षा कमी. पहिल्या नऊ जणांना बहुपदींच्या पायऱ्या येतात, पण ऋण चिन्हात घोटाळा होतो : कंसाबाहेर उणे असले की आतल्या फक्त पहिल्या पदाचे चिन्ह बदलतात आणि पुढचे तसेच ठेवतात. ही नववीची अडचण नाही, पूर्णांक संख्यांचे काम कच्चे राहिले आहे. नववी अ मध्येही गणितात नापास झालेल्यांच्या पत्रिकांत हेच दिसते, त्यामुळे अ ची पिवळी खूणही याच उपायात येईल. शेवटच्या पाच जणांना नववीचा पाठ पुन्हा शिकवून फायदा नाही. त्यांना अपूर्णांक आणि पूर्णांकांपासून सुरुवात करावी लागेल आणि त्यासाठी वेगळा गट हवा.

इंग्रजीत १९ पैकी १५ जणांनी पत्रलेखन आणि अपठित उतारा कोरा सोडला. व्याकरणाच्या सुट्या प्रश्नांत त्यांना बरे गुण आहेत. म्हणजे वाक्य ओळखता येते, पण लिहायला घेतले की हात थांबतो. रोज वर्गातच पाच ओळी लिहून घेणे हा विषयशिक्षकांनी स्वतः सुचवलेला उपाय मला पटतो. जादा तासिकेची गरज नाही.

पिवळ्या खुणांपैकी उरलेल्या

आठवी ब च्या इंग्रजीत १३ नापास आहेत, पण आठ जण ३० ते ३४ मध्ये आहेत. नेहमीच्या सरावाने ते वर येतील. दहावी ब चे इंग्रजी आणि गणित मात्र विज्ञानाकडे लक्ष देताना विसरले जाऊ नये.

तक्त्यात न दिसणारी एक गोष्ट

दहावी अ चे गणित ८२.२ टक्के, खूण नाही. पण उत्तीर्ण ३७ पैकी आठ जणांना ३५ ते ३९ गुण आहेत. पुढच्या पेपरात ते घसरले तर हाच निकाल ६४.४ होईल. या आठ जणांची यादी वर्गशिक्षकांना स्वतंत्र दिली आहे. ती फलकावर लावू नये अशी विनंतीही केली आहे.

आपल्याकडून हवे असलेले निर्णय

दहावी ब च्या जादा तासिकांसाठी सोमवार आणि गुरुवारची शेवटची तासिका मोकळी करावी लागेल. सोमवारी तिथे क्रीडा तासिका आहे. ती घेणे मला स्वतःला आवडत नाही, पण दुसरी जागा मिळाली नाही; वेळापत्रक समितीने पर्याय काढला तर उत्तमच. नववी ब च्या १६ पालकांना बोलावण्याचे पत्र आपल्या सहीने जावे, वर्गशिक्षकांच्या निरोपाला दोनदा प्रतिसाद आलेला नाही. प्रमाणपत्र न दिलेल्या चार गैरहजर विद्यार्थ्यांची फेरपरीक्षा घ्यायची की नाही हेही शनिवारपर्यंत कळावे, म्हणजे प्रश्नपत्रिका तयार करता येतील.

प्रश्ननिहाय गुणांचे तक्ते आणि विद्यार्थ्यांच्या नावांच्या याद्या बंद पाकिटात सोबत जोडल्या आहेत. सभेत फक्त वरचे दोन तक्ते पडद्यावर दाखवावेत, शिक्षकांची नावे कोणत्याही तक्त्यात घातलेली नाहीत.

परीक्षा विभागप्रमुख