मुलीच्या काळ्या रंगावरून होणाऱ्या चिडवाचिडवीबाबत मुख्याध्यापकांना पत्र

दि. ९ डिसेंबर २०२४

प्रति,
मा. मुख्याध्यापक,
ता. वणी, जि. यवतमाळ

विषय : इयत्ता ७ वी 'ब' मधील विद्यार्थिनीला रंगावरून चिडवणे थांबवण्याबाबत.

महोदय,

माझी मुलगी कु. प्राची आपल्या शाळेत ७ वी 'ब' मध्ये शिकते. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाल्यापासून वर्गातली काही मुले तिला 'खदान' आणि 'डांबर' म्हणतात. आपल्या भागात घरटी एक माणूस कोळशाशी बांधलेला, त्यामुळे 'खदान' हे नाव ऐकणाऱ्याला गमतीचे वाटते आणि लवकर पसरते. आता ५ वीची लहान पोरेही तेच नाव घेतात. त्यांना तिचे खरे नाव ठाऊक नाही.

मोघम तक्रार केली की 'मुलं आहेत, चालायचंच' एवढ्यावर विषय मिटतो. म्हणून जागा आणि वेळ सांगते. पहिली जागा पोषण आहाराची रांग. खिचडी वाढताना मागून 'हिला नको, भांडं काळं होईल' असे म्हणतात. दुसरी, दुपारच्या सुट्टीतला पाण्याचा नळ. तिसरी जागा वर्गच आहे. वीज गेली की 'लाईन गेली, प्राची दात दाखव' अशी आरोळी उठते आणि सगळा वर्ग हसतो. गुरुवारी, ५ डिसेंबरला, हे शिक्षक वर्गात असताना घडले. त्यांनी 'गप्प बसा रे' म्हटले आणि फळ्याकडे वळले. ते जाणूनबुजून केले असे मी म्हणत नाही. पण 'गप्प बसा' हे आवाजाला उद्देशून होते. वाक्य चुकीचे आहे हे कोणी बोललेच नाही, आणि मुलांनी तेवढे बरोबर हेरले.

याशिवाय सहलीच्या फोटोतून तिचा चेहरा कापून मोबाइलवर स्टिकर बनवला आहे. तो वर्गातल्या मुलांच्या ग्रुपवर फिरतो. त्याची प्रत सोबत जोडली आहे. ग्रुप शाळेचा नाही हे मला माहीत आहे. पण फोटो शाळेच्या सहलीतला आहे आणि मुले शाळेतली आहेत.

परिणाम असा, की पी.टी.च्या दिवशी तिचे पोट दुखते. दुपारच्या उन्हातही ती स्वेटर काढत नाही. नळावर जायचे नाही म्हणून पाणी पीत नाही. मुलीने दिवसभर पाणी न पिणे आणि लघवी रोखून धरणे याने मूत्रमार्गाचा संसर्ग होऊ शकतो. मी गावात आशा म्हणून काम करते, त्यामुळे ही साखळी कुठे जाते ते मला दिसते. गेल्या आठवड्यात तिच्या दप्तरात गोरे करणारी एक ट्यूब सापडली. त्यावर बेटामेथासोन लिहिलेले होते. हे स्टिरॉइड आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते चेहऱ्याला लावत राहिले तर कातडी पातळ होते, पुळ्या येतात, उन्हात चेहरा जळजळतो, आणि लावणे थांबवले की लाली उफाळून येते. ट्यूब मी काढून घेतली. पण वर्गात आणखी दोन-तीन मुली तीच लावतात असे ती सांगते. त्यामुळे हा प्रश्न एका प्राचीपुरता राहिलेला नाही.

आता काय करावे आणि काय करू नये, याबद्दल माझी विनंती.

सर्वांत आधी, परिपाठात तिचे नाव घेऊन किंवा तिला पुढे उभे करून समज देऊ नये. तसे झाले की ज्यांना हे नाव माहीत नव्हते त्यांनाही कळते. मुलांना आणि तिला समोरासमोर आणून 'सॉरी म्हण' हेही नको. कार्यालयात माफी मागतात आणि बस स्टॉपवर वचपा काढतात. त्याऐवजी, नाव पाडणाऱ्या आणि स्टिकर बनवणाऱ्या मुलांशी वर्गशिक्षकांनी एकेकटे बोलावे. घोळका एकत्र बोलावला तर प्रत्येक जण दुसऱ्याच्या आडोशाला लपतो. काय म्हटले, कुठे म्हटले, हे त्या मुलाच्याच तोंडून वदवून घ्यावे आणि स्टिकर स्वतःच्या मोबाइलवरून व ग्रुपवरून पुसायला लावावा. मुलांची नावे मी पत्रात लिहीत नाही, भेटीत सांगेन.

त्यांना छडी, उठाबशा, उन्हात उभे करणे नको. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. ती मनाई त्या मुलांनाही लागू आहे. शिवाय मार खाल्लेला मुलगा राग प्राचीवरच काढणार.

दुसरे, शिक्षकांच्या बोलण्याबद्दल. 'ती काळी मुलगी', 'ती गोरी' अशी ओळख शाळेत सर्रास दिली जाते. हजेरीपटावर नाव आहे, तेच घ्यावे. तिची समजूत काढताना 'विठ्ठलही काळाच आहे', 'काळी असली तरी हुशार आहे' असे म्हणू नये, एवढी विनंती. बोलणाऱ्याचा भाव चांगला असतो, पण त्या 'तरी'मध्ये काळेपणा उणा धरलेलाच असतो. त्यापेक्षा विज्ञानाच्या तासाला त्वचेचा एक पाठ घ्यावा. रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींची संख्या सगळ्या माणसांत जवळपास सारखीच असते. त्या किती मेलॅनिन बनवतात त्यावर रंग ठरतो, आणि तेच मेलॅनिन उन्हातल्या अतिनील किरणांपासून त्वचेचे रक्षण करते. ज्या मुलखात उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो तिथे हे शिकवायला वेगळे साहित्य लागणार नाही. पाठ तिन्ही तुकड्यांत घ्यावा, केवळ 'ब' मध्ये नको, नाहीतर तो कोणासाठी आहे ते लगेच ओळखू येईल. स्टिरॉइडच्या ट्यूबबद्दल मुलींशी बोलायला मी यायला तयार आहे.

जानेवारीत स्नेहसंमेलन आहे. भूमिका वाटताना गोऱ्या मुलीला सरस्वती आणि काळ्या मुलीला राक्षसीण, असे दरवर्षी होते. पाठांतर आणि आवाज बघून निवड व्हावी. मेकअप करताना तिच्या तोंडावर पांढरी पावडर थापू नये.

तक्रारपेटी कार्यालयाच्या दारासमोर आहे, म्हणून चिठ्ठी टाकणारा मुलगा सगळ्यांना दिसतो. ती मुलींच्या स्वच्छतागृहाच्या वाटेवर किंवा ग्रंथालयात हलवली तर तिचा उपयोग होईल. खिचडीच्या रांगेला आणि नळाला दुपारच्या सुट्टीत एक शिक्षक, निदान हा महिना तरी, उभे असावेत.

एक गोष्ट आणखी. रंगावरून सुरू झालेले बोलणे जातीवर आणि आईबापाच्या कामावर घसरायला वेळ लागत नाही. अजून तसे झालेले नाही, आणि ते होण्याआधी थांबावे म्हणून आताच लिहीत आहे. हा विषय शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत प्राचीचे नाव न घेता ठेवावा, आणि या अर्जाची पोच द्यावी.

शनिवारी, १४ डिसेंबरला, सकाळची शाळा सुटल्यावर मी व प्राचीचे वडील आपल्या कार्यालयात येतो. वर्गशिक्षकही त्या वेळी असावेत. काय केले याची माहिती ३१ डिसेंबरपर्यंत मिळावी. त्यानंतरही हे सुरूच राहिले तर आम्हाला गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी जावे लागेल. तशी वेळ आपण येऊ देणार नाही असे वाटते, कारण मागच्या वर्षी मुलींच्या सायकलींचा प्रश्न आपण दोन दिवसांत सोडवला होता.

आपली विश्वासू,
सौ. वंदना प्रमोद आसुटकर
(कु. प्राचीची आई)

सोबत : १) स्टिकरची छापील प्रत, १ पान. २) तारीख, जागा आणि बोललेले शब्द यांची नोंद, १ पान. दोन्ही पाने कृपया फाइलमध्ये ठेवावीत, स्टाफरूममध्ये फिरवू नयेत.