संत्रा बर्फीच्या डब्यावरची तक्रार आणि आमची उत्तरं

आमची पोस्ट
दिवाळीच्या डब्यांची नोंदणी सुरू झाली आहे. संत्रा बर्फी, अर्धा किलो ३६० रुपये. सीताबर्डीचं दुकान सकाळी ९ ते रात्री ९ उघडं असतं.

ग्राहक (रविवार, सकाळी १०:४०)
काहून बे, लोकाले लुटाचा धंदा लावला का? काल संध्याकाळी बर्डीच्या दुकानातून अर्ध्या अर्ध्या किलोचे दोन डबे घेतले, पुण्याले बहिणीकडे न्याचे होते. घरी काट्यावर ठेवली त दोन्ही डब्यातली बर्फी ४५८, ४५८ ग्रॅम भरली! पुठ्ठा मिठाईच्या भावात विकता का? आन् चव? कडू. संत्र्याचा सीझन आता कुठं सुरू होऊन रायला, मग तुम्ही संत्रा आणला कुठून? एसेन्स आन् रंग मारता आन् नागपूरचं नाव सांगता. काउंटरवरची ती बिनडोक पोरगी म्हणते, "असंच असते, नाही पटत त नका घेऊ." चोर हायेत सारे. कोणी घेऊ नका इथून.

आम्ही (११:१५)
नमस्कार. बहिणीकडे न्यायचा डबा असा निघाला, तर राग येणारच. वजन, चव, रंग आणि काउंटरवरचं बोलणं, या चारही गोष्टींची वेगवेगळी चौकशी करतो. कालची बिलं आणि काटा आज दुपारी तपासू. जे सापडेल ते संध्याकाळी ६ च्या आत इथेच लिहू.

तोवर दोन्ही डबे कृपया तसेच ठेवा. बिलाचा क्रमांक खासगी संदेशात पाठवा. बिलाचा फोटो मात्र इथे टाकू नका, त्यावर तुमचा मोबाइल क्रमांक छापलेला असतो.

ग्राहक (११:३२)
हे छापील उत्तर माह्यासमोर नका टाकू. सारे दुकानदार हेच लिहितात. संध्याकाळी कमेंट उडवान आन् मोकळे व्हान. काऊन का तुमाले मालूम हाये तुम्ही चूक हा.

आम्ही (११:५०)
तुमची कमेंट इथेच राहील. आमची चूक असेल तर तीही याच जागी लिहू. बिलाचा क्रमांक मिळाला, आभार.

दुसरे ग्राहक (दुपारी १२:२०)
पंधरा वर्षांपासून इथूनच घेतो, कधी तक्रार नाही. फुकटात डबे पाहिजेत म्हणून करते हे लोक. ब्लॉक करा याला.

आम्ही (१२:३५)
नमस्कार. इतकी वर्षं तुम्ही आमच्याकडे येता, याचं आम्हाला मोल आहे. पण ज्यांनी तक्रार केली तेही आमचे ग्राहकच आहेत. त्यांनी पैसे देऊन डबे घेतले, घरी वजन केलं आणि आकडा सांगितला. आमची तपासणी होण्याआधी त्यांच्या हेतूबद्दल आम्ही काही म्हणणार नाही. तुम्हीही म्हणू नये, ही विनंती. ब्लॉक करण्याचा प्रश्नच नाही.

आम्ही (सायंकाळी ५:४०, सकाळच्या तक्रारीला उत्तर)
नमस्कार. तपासणी झाली. सुरुवात वजनापासून करतो, कारण तिथे चूक पूर्णपणे आमची आहे.

आमचा अर्ध्या किलोचा रिकामा डबा ४२ ग्रॅमचा आहे. नियम असा की रिकामा डबा काट्यावर ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा आणि मग बर्फी भरायची. डब्याचं वजन मालाच्या वजनात धरता येत नाही. हा कायदा आहे आणि गिऱ्हाइकाचा हक्क आहे. काल संध्याकाळी गर्दीत दुसऱ्या काउंटरवर डबे आधीच भरून ठेवले गेले आणि भरलेला डबा तसाच काट्यावर गेला. पाचशेतून ४२ वजा केले की ४५८ उरतात. तुमचा घरचा काटा बरोबर आहे.

७२० रुपये किलोच्या भावाने एका डब्यामागे ३० रुपये २४ पैसे, म्हणजे दोन डब्यांत साठ रुपयांहून थोडे जास्त आम्ही तुमच्याकडून चुकीचे घेतले. तेवढेच परत करून हे प्रकरण मिटवणं आम्हाला योग्य वाटत नाही. दोन्ही डब्यांचे ७२० रुपये तुम्ही ज्या खात्यातून दिले होते त्याच खात्यात आज परत पाठवले आहेत. डबे परत आणायची गरज नाही.

त्या काउंटरवर काल ४ ते ७ या वेळात ३७ बिलं झाली. त्यातल्या ज्यांचे मोबाइल क्रमांक आमच्याकडे आहेत त्यांना आम्ही स्वतः फोन करत आहोत. ज्यांचे नाहीत त्यांनी बिल घेऊन यावं, डब्यामागे वजनाचा फरक रोख मिळेल. डबा संपला असला तरी चालेल. आजपासून ग्राहकाकडे तोंड केलेल्या पडद्यावर शून्य दिसल्याशिवाय माल भरायचा नाही, असं दोन्ही काउंटरवर सांगितलं आहे. तुम्हीही तो शून्य बघा आणि दिसला नाही तर थांबवा.

आता संत्रा कुठून आला ते. सीझनबद्दल तुमचं बरोबर आहे. आंबिया बहाराची फळं कळमन्याला आता कुठे यायला लागली आहेत, आणि सुरुवातीच्या फळाला हवा तसा गोडवा नसतो. म्हणून या महिन्याच्या बर्फीत मृग बहाराचा गर आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये काटोलकडची फळं घेऊन त्यांचा गर काढला आणि गोठवून ठेवला. फळ खरं आहे, एसेन्स आम्ही घालत नाही.

रंग मात्र घालतो. खव्यात संत्र्याचा गर मिसळला की बर्फी फिकट पिवळसर होते. दुकानात दिसते तशी गडद नारिंगी ती आपोआप होत नाही. आम्ही सनसेट यलो हा खाद्यरंग वापरतो. तो मान्यताप्राप्त आहे आणि त्याची मर्यादा किलोमागे १०० मिलीग्रॅम आहे. आमचं प्रमाण त्या मर्यादेच्या आत असतं. पाकीटबंद डब्यावर हे छापलेलं आहे, पण ट्रेमधून सुटी घेतली तर ग्राहकाला ते कळायला मार्ग नव्हता. तुमचा संशय तिथूनच आला असेल तर त्याला आम्ही जागा ठेवली होती. उद्या सकाळपासून संत्रा बर्फीच्या प्रत्येक ट्रेसमोर पाटी असेल, त्यावर कोणत्या बहाराचा गर आणि कोणता रंग हे लिहिलेलं असेल. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते नाव बागाईतदारांच्या मेहनतीचं आहे आणि त्याच्या जोरावर आमचं दुकान चालतं, त्यामुळे यात आडपडदा नको.

कडूपणाबद्दल. कालच्या घाण्यातली बर्फी आज आम्ही चौघांनी चाखली. पहिल्या घासाला कळत नाही, गिळल्यावर मागून कडवट लागते. संत्र्याच्या बिया आणि फोडीवरचा पांढरा पापुद्रा यांत असं द्रव्य असतं, की गर काढल्यावर आंबटपणामुळे त्यातून हळूहळू लिमोनिन हे कडू द्रव्य तयार होतं, आणि आटवताना उष्णतेने ते वाढतं. ताजा रस गोड लागतो आणि तासाभराने कडवट होतो, हे संत्रं पिळणाऱ्या प्रत्येक घरात माहीत आहे. आमच्या गरात पापुद्रा जास्त राहिला होता. हे कारण झालं, सबब नाही. चाखल्याशिवाय ट्रे बाहेर यायलाच नको होता. त्या घाण्याची उरलेली ११ किलो बर्फी दुकानातून काढली आहे.

आता काउंटरचं. "नाही पटत तर नका घेऊ" असं ती म्हणाली, हे तिने स्वतः मान्य केलं. असं बोलायला नको होतं. त्याबद्दल आम्ही तुमची माफी मागतो. बर्फी कडू लागते असं कोणी म्हटलं तर काय करायचं, हे आम्ही तिला कधी सांगितलंच नव्हतं. यापुढे अशी तक्रार आली की काउंटरवरूनच दुसरा तुकडा चाखायला द्यायचा आणि मालकांना बोलवायचं, असं ठरवलं आहे.

एक विनंती आहे. आम्हाला चोर म्हणालात, तो शब्द राहू द्या. वजन कमी भरलं होतं, तुम्ही चिडून लिहिलंत. पण तिच्यासाठी वापरलेला शब्द कृपया काढा. दिवाळीच्या तोंडावर ती रोज नऊ तास उभी असते, आणि डबे आधी भरून ठेवायचं तिने ठरवलेलं नव्हतं. तिच्या घरचे लोकही हे पान वाचतात.

तिसऱ्या ग्राहक (६:१०)
सुट्या मिठाईवर तारीख असते का? मला कधी दिसली नाही.

आम्ही (६:२५)
नमस्कार. असायला हवी. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ट्रेवर किंवा ट्रेसमोर "या तारखेपर्यंत खावी" अशी तारीख लावणं सक्तीचं आहे. आमच्याकडे ती ट्रेच्या उजव्या कोपऱ्यात असते, पण अक्षर बारीक आहे. उद्याच्या नव्या पाटीवर मोठ्या अक्षरात लिहू. कुठल्याही दुकानात दिसली नाही तर विचारा.

दुसरे ग्राहक (७:०५)
मी घाईत बोललो. काल माझ्याही बिलावर ५:२० ची वेळ आहे. उद्या येतो.

आम्ही (७:१२)
नक्की या. बिल सोबत आणा, दुसऱ्या काउंटरचं असेल तर फरक लगेच मिळेल.

ग्राहक (रात्री ८:५०)
पैसे आले. पोरीबद्दलचा शब्द काढला, तिले सांगजा. रंगाचं कबूल केलं हे बरं केलं. पण बर्फी कडूच होती, आन् पुण्याले मी हातात काही न घेता चाललो, सकाळची गाडी हाये.

आम्ही (८:५८)
शब्द काढल्याबद्दल आभार. उद्या ती कामावर आली की निरोप देतो. बर्फी कडूच होती, यात वाद नाही.

आज संध्याकाळी दुसऱ्या गराचा घाणा काढला, तो आम्ही चाखला आहे आणि चांगला झाला आहे. तरी खात्री तुमची व्हायला हवी. दुकान ९ ला बंद होतं, पण तुम्ही येणार असाल तर ९:३० पर्यंत थांबतो. आधी चाखा, पटली तर रिकामा डबा तुमच्यासमोर काट्यावर ठेवून भरून देतो, भाव नेहमीचाच. नाही पटली तर शेजारच्या कुठल्याही दुकानातून घ्या, पण बहिणीकडे रिकाम्या हाताने जाऊ नका. येताय का, एवढं कळवा.

ग्राहक (९:०३)
निघालो. व्हरायटी चौकात हाये.

आम्ही (९:०४)
या. शटर अर्धं उघडं ठेवलं आहे.