मोडकं बोलायची लाज

बँकेत ऑफिसर झालं की बदली कुठेही होऊ शकते हे सगळ्यांना माहीत असतं, पण स्वतःची ऑर्डर हातात पडेपर्यंत ते खरं वाटत नाही. माझी निघाली कर्नाटकात, तिपटूरला. तुमकूर जिल्ह्यातलं गाव, बेंगळुरूहून अरसीकेरेकडे जाणाऱ्या रेल्वेलाईनवरचं, चहूकडे नारळाच्या बागा आणि सुक्या खोबऱ्याचा मोठा बाजार. वय चाळीशीच्या पुढे, नोकरीची बरीच वर्षं नाशकात काढलेली आणि कन्नडचं एक अक्षर येत नव्हतं. घरचे म्हणाले हिंदी-इंग्लिशवर निभेल की. बेंगळुरूत निभलंही असतं कदाचित, पण तिपटूरच्या काउंटरवर खोबरं विकून पैसे भरायला आलेल्या शेतकऱ्याशी मी इंग्लिशमध्ये काय बोलणार होते?

तर शिकायला घेतली. आणि खरं सांगते, भाषा म्हणून कन्नड मराठी माणसाला फार परकी नाही. वाक्याची रचना आपल्यासारखीच, क्रियापद शेवटी. ळ आहे, आपल्या लोकांना तो म्हणता येतो. अक्का, अण्णा, अज्जी ही हाक मारायची नावं ओळखीची. त्रास झाला तो पुस्तकातल्या आणि तोंडातल्या कन्नडमध्ये जे अंतर आहे त्याचा. पुस्तकात ‘माडुत्तेने’, म्हणजे करते, पाठ करायचं आणि शाखेत सगळे ‘माड्तीनि’ म्हणणार, तसंच जाते म्हणायच्या ‘होगुत्तेने’चं ‘होग्तीनि’. मी पुस्तकातलं बोलायचे तेव्हा समोरच्याला कळायचं सगळं, पण तो क्षणभर अशा नजरेनं बघायचा की समोर बाई नसून आकाशवाणीच्या बातम्या चालू आहेत.

पण लाजेचं मूळ व्याकरणात नव्हतं, ते मला बऱ्याच उशिरा कळलं.

गोल्ड लोनच्या टेबलवर एक अज्जी आल्या होत्या, सोबत कोणी नाही, कमरेला खोचलेल्या बटव्यात पावती. कर्जाची मुदत संपली होती, व्याज भरून रिन्यू करायचं होतं, एवढंच. पण त्यांना नोटीस गेली होती आणि त्या घाबरल्या होत्या. भराभर बोलत होत्या, त्यातला मला ‘हराजु’ एवढा शब्द पकडता आला, आपल्याकडे खेड्यात हर्रास म्हणतात तेच, लिलाव. म्हणजे त्यांना वाटत होतं की बँक दागिने विकून टाकतीये. नाशकात अशा कितीतरी बायकांना मी खुर्चीवर बसवून, पाणी देऊन सांगितलंय, की मावशी तुमच्या बांगड्या इथेच आहेत, तिजोरीत आहेत, कोणी हात लावलेला नाही, एवढं व्याज भरा म्हणजे पुढची मुदत मिळेल, आणि आज पूर्ण नसतील तर कधी जमेल ते सांगा. हे मला जमतं, माझ्या नोकरीत हेच मला सगळ्यात चांगलं जमतं. आणि त्या दिवशी माझ्याकडे काय होतं? ‘बड्डी कट्टि’, व्याज भरा. ‘इल्लि सैन माडि’, इथे सही करा. ‘नाळे बन्नि’, उद्या या. घाबरलेल्या म्हाताऱ्या बाईला मी तीन हुकूम सोडले. त्या गप्प झाल्या, सही केली आणि गेल्या. कागदोपत्री सगळं बरोबर झालं होतं.

त्यानंतर मी खूप विचार केला यावर. नवीन भाषेत आधी येतात ती क्रियापदं, दे घे ये जा भर. त्यांच्या भोवतीची मऊ माती, म्हणजे ‘जरा’, ‘बघा ना’, ‘तसं काही नाही हो’, हे सगळं फार नंतर येतं. आणि त्या मधल्या काळात आपण लोकांना उद्धट वाटतो, कोरडे वाटतो, आपला स्वभाव त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. मला वाटतं मोठेपणी भाषा शिकताना जी लाज वाटते ती बरीचशी हीच असते. चुकीचा प्रत्यय लागला म्हणून कोणी रात्री जागत नाही. आपण जशा आहोत तशा समोरच्याला दिसत नाही आहोत आणि ते सांगायला तोंडात शब्द नाही, ह्यानं झोप जाते.

लहान मुलांशी तुलना करतात लोक नेहमी, की मुलं बघा कशी पटापट शिकतात, लाजत नाहीत. अहो पण चार वर्षांच्या मुलाकडे घालवायला काय असतं? तो चुकला तर सगळे कौतुकानं हसतात आणि बरोबर काय ते सांगतात. चाळिशीतल्या माणसाकडे पद असतं, अनुभव असतो, चारचौघात एक मत असतं, विनोद करायची एक पद्धत असते, आणि तोंड उघडलं की ते सगळं बाजूला राहतं. डब्याच्या वेळी सगळे हसले की मी अर्धा सेकंद उशिरा हसायचे, काय झालं ते न कळता. खरं तर नाशकात मीच त्या टेबलवर सगळ्यांना हसवणारी. हे दुखतं, आणि ते दुखतं असं म्हणायला काही हरकत नाही असं मला आता वाटतं.

आकड्यांचं तर वेगळंच. आपण मराठीत आधी एकं म्हणतो मग दहं, छत्तीस, त्रेसष्ट. कन्नडमध्ये उलटं, दहं आधी, मूवत्तारु म्हणजे तीस-सहा, छत्तीस, आणि अरवत्तमूरु म्हणजे साठ-तीन, त्रेसष्ट. ऐकताना मनात मराठी क्रम घुसतो आणि छत्तीसचे त्रेसष्ट व्हायची भीती. पैशाच्या कामात हे चालत नाही, म्हणून मी रक्कम कागदावर लिहून समोरच्यासमोर फिरवायची सवय लावून घेतली, प्रत्येक वेळी, कोणी कितीही घाईत असो. काही लोक वैतागायचे. पण न कळता मान डोलावण्यापेक्षा हे कितीतरी बरं. मान डोलावणं हा मोठ्या माणसांचा सगळ्यात वाईट उपाय आहे, ‘हौदु हौदु’, हो हो, म्हणत राहायचं, वेळ निभते, समोरचा मात्र आपलं काम झालं असं समजून जातो. लाज झाकायला आपण दुसऱ्याचं नुकसान करतो ते. काउंटरवर तरी हे कधीच करायचं नाही असं मी पहिल्यापासून ठरवलं होतं, त्यामुळे ‘गोत्तागलिल्ला, इन्नोंद्सल हेळि’, कळलं नाही पुन्हा सांगा, हे वाक्य मी शाखेतल्या कोणाहीपेक्षा जास्त वेळा म्हटलं असेल.

आता मदत करणाऱ्यांबद्दल. दोन प्रकारचे लोक भेटले. एक, मी अडखळले की लगेच हिंदीत किंवा इंग्लिशमध्ये उत्तर देणारे. भले लोक, मनापासून सोय करत होते. पण त्यांच्या त्या सोयीनं माझं वाक्य अर्ध्यातच राहायचं आणि पुढच्या वेळी मी सुरुवातच करायची नाही. आणि दुसरे आमचे कॅशियर, निवृत्तीला आलेले, मी वाक्य जुळवत असले की नोटांचा गठ्ठा हातात तसाच धरून थांबायचे. मध्ये शब्द पुरवायचे नाहीत, हसायचे नाहीत. वाक्य पुरं झालं की उत्तर साध्या कन्नडमध्ये, नेहमीच्याच वेगानं, आणि त्यात माझा चुकलेला शब्द ते सहज बरोबर करून वापरायचे. मी शिकले ती त्यांच्यामुळे. ‘आगल्ला’, होणार नाही, असं तोंडावर म्हणण्याऐवजी ‘स्वल्प कष्ट आगुत्ते’, जरा कठीण जाईल, ‘नोडोणा’, बघूया, हे असं बोलायचं ते मी त्यांचं ऐकून ऐकून उचललं.

एका रविवारी तेच आम्हाला घेऊन श्रवणबेळगोळला गेले, हासन जिल्ह्यात आहे, तिपटूरहून फार लांब नाही. गोमटेश्वराच्या पायाशी ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ हा लेख आहे हे शाळेत शिकलेले, मराठीतल्या फार जुन्या लेखांपैकी एक. पण तीच गोष्ट तिथे कन्नडमध्ये आणि तमिळमध्येही कोरली आहे हे माझ्या लक्षातच नव्हतं. कॅशियरसाहेबांनी कन्नड ओळ वाचून दाखवली, त्यात ‘माडिसिदं’ आहे, आणि मला ती कळली, कारण सही ‘माडि’ म्हणणारी मी रोज तोच धातू वापरत होते. हजार वर्षांपूर्वी कोणालातरी वाटलं की इथे येणाऱ्या तिन्ही भाषांच्या माणसांना कळायला हवं, आणि त्यासाठी दगड फोडायचे कष्ट घेतले. मला भरून आलं होतं तिथे, खोटं कशाला सांगू.

परत नाशकात आल्यावर मात्र एक गोष्ट सारखी खुपायला लागली. आपण म्हणतो बाहेरून आलेले मराठी शिकत नाहीत. बरोबर आहे, पुष्कळ जण शिकत नाहीत. पण जो शिकतो त्याचं आपण काय करतो? सोसायटीचा वॉचमन ‘मॅडम, पार्सल आला आहे’ म्हणाला की आपण उत्तर देतो ‘हां भैया, ऊपर भेज दो’. आला काय आणि आलं काय, त्यानं धीर करून एक वाक्य टाकलं होतं, आपण ते उचललंच नाही. पोरं तर त्याच्या बोलण्याची नक्कल करतात आणि आपण हसतो. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, कन्नडला तो 2008 मध्येच मिळाला होता, आनंदच आहे, मीही पेढे वाटले. पण भाषा वाढते ती नवा माणूस ती वाईट बोलत असताना आपण किती वेळ थांबतो त्यावर, असं माझं अगदी ठाम मत झालंय. तिपटूरमध्ये लोक थांबले म्हणून मी बोलले. आपण मराठी माणसं थांबत नाही, हिंदीत शिरतो, आणि मग तक्रार करतो.

आता आमच्या शाखेत बिहारचा एक प्रोबेशनरी ऑफिसर आलाय, पंचविशीतला. मराठी शिकायचीय म्हणतो. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय की तो मराठीत बोलला तर उत्तर मराठीतच द्यायचं, सावकाश नाही, नेहमीसारखं, आणि त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही. परवा डब्याच्या वेळी त्यानं विचारलं, की मॅडम, वयस्कर शेतकरी आहेत, पीककर्जाचा अर्ज परत पाठवायचा आहे, त्यांना वाईट न वाटता कसं सांगू? मी म्हटलं ‘काका, एक कागद कमी पडतोय बघा’ इथून सुरू कर. शिपाईमामा म्हणाले छे, आधी बसा म्हणायचं, पाऊसपाणी विचारायचं, मग कागद. क्लार्क मॅडमना दोन्ही पटेना, त्या म्हणाल्या सरळ सांगावं, लोकांना उगाच घोळ आवडत नाही. अर्धा तास हेच चाललं होतं. तो तिन्ही वाक्यं वहीत देवनागरीत उतरवत होता आणि शेवटी मामांचंच घेतलं त्यानं, ‘बसा काका, पाऊस कसा आहे तुमच्याकडे’.