सार्वजनिक कायदा : निवडणूक विवादावरील समस्याप्रश्न (परीक्षक टिपणासह)

एलएल.एम., द्वितीय सत्र. वेळ दीड तास. गुण ४०. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ ची कोरी प्रत जवळ ठेवता येईल. टाचणे, अधोरेखने व भाष्ये असलेली प्रत चालणार नाही. प्रत्येक निष्कर्षासोबत कलम, पोटकलम आणि खंड लिहावा. नुसते "कलम १००" लिहिल्यास गुण मिळणार नाहीत.

तथ्ये

महाराष्ट्रातील एका सर्वसाधारण विधानसभा मतदारसंघात २० नोव्हेंबर २०२४ रोजी मतदान झाले. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने २३ नोव्हेंबर रोजी 'ब' यांना विजयी घोषित केले. मते अशी: ब ८८,४१२, अ ८६,९७०, क २१,३०६, नोटा १,४०२. चौथे उमेदवार 'ड' यांनी ४ नोव्हेंबरला माघार घेतली होती. 'ब' यांचे निवडणूक प्रतिनिधी त्यांचे धाकटे बंधू 'म' होते.

'ब' यांना सत्र न्यायालयाने १२ सप्टेंबर २०२२ रोजी भारतीय दंड संहितेच्या कलम ३२५ खाली १८ महिने आणि कलम ४२७ खाली ९ महिने कारावासाची शिक्षा सुनावली. दोन्ही शिक्षा एकापाठोपाठ एक भोगायच्या होत्या. १० जानेवारी २०२३ रोजी उच्च न्यायालयाने अपिलात शिक्षेची अंमलबजावणी स्थगित केली. दोषसिद्धीला स्थगिती मागितली नव्हती आणि मिळालीही नाही. ३० ऑक्टोबर २०२४ च्या छाननीत 'अ' यांनी हरकत घेतली. "एकाही गुन्ह्यात शिक्षा दोन वर्षे नाही" असे कारण लिहून अधिकाऱ्याने ती फेटाळली. २० डिसेंबर २०२४ रोजी उच्च न्यायालयाने 'ब' यांना दोन्ही गुन्ह्यांतून निर्दोष सोडले.

'ब' यांनी २८ ऑक्टोबरला नामनिर्देशनपत्र भरले. नमुना २६ च्या प्रतिज्ञापत्रात पत्नीच्या नावावर २०२१ मध्ये घेतलेली ६२ लाख रुपयांची सदनिका दाखवलेली नाही. पत्नीची जुनी दुचाकीही त्यात नाही.

२४ ऑक्टोबरच्या मेळाव्यात 'ब' म्हणाले, "आपल्या जातीचं मत जातीतच राहू द्या." १६ नोव्हेंबरच्या प्रचारसभेत पक्षाचे नेते 'न' म्हणाले, "समाजाचं मत समाजाच्याच माणसाला. दुसऱ्याला दिलंत तर गावकीत तोंड दाखवू नका, लग्नाकार्याला कोणी येणार नाही." 'ब' व्यासपीठावर होते. लगेच माईक घेऊन ते म्हणाले, "नेत्यांनी सांगितलं तेच माझं सांगणं."

१८ नोव्हेंबरच्या रात्री भरारी पथकाने बूथप्रमुख 'प' याच्याकडून ७५० पाकिटे जप्त केली. प्रत्येकात ५०० रुपये आणि एक मतदार चिठ्ठी होती. सोबतच्या वहीत आणखी ४१२ नावांपुढे "दिले" अशी खूण होती. 'प' याच्या फोनवर 'म' यांचा त्याच रात्रीचा संदेश होता: "उरलेली सकाळपर्यंत संपव. वही मला दे." फोन पोलिसांच्या ताब्यात आहे.

'अ' यांनी ७ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात याचिका दाखल केली आणि २,००० रुपये सुरक्षा ठेव भरली. मागण्या दोन: 'ब' यांची निवड रद्द करावी आणि 'अ' यांना निवडून आल्याचे घोषित करावे. प्रतिवादी फक्त 'ब' आणि 'क'. परिच्छेद १४ मध्ये आरोप आहे की 'ब' यांनी ३ नोव्हेंबरला 'ड' यांना माघारीसाठी ५ लाख रुपये दिले आणि 'ड' यांनी ते घेतले. सभेबाबत याचिकेत इतकेच आहे: "न यांच्या भाषणावेळी प्रतिवादी क्र. १ व्यासपीठावर उपस्थित होते." पाकिटांबाबत तारीख, जागा, वही आणि संदेश नमूद आहेत. संदेशाचा स्क्रीनशॉट जोडला आहे, पण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र नाही. याचिकेवर पडताळणी आहे. नमुना २५ मधील प्रतिज्ञापत्र नाही.

प्रतिवादींच्या हजेरीची तारीख ३ मार्च २०२५ होती. २ एप्रिलला 'ब' यांनी लेखी जबाब दिला. त्यांचे म्हणणे असे: २३ नोव्हेंबर धरून ४५ दिवस मोजले तर याचिका एक दिवस उशिरा आहे, 'ड' यांना पक्षकार न केल्याने ती फेटाळावी, निर्दोष सुटल्यावर अपात्रता उरत नाही, आणि 'अ' यांनीही मतदारांना दारू वाटली, त्यामुळे त्यांना जागा देता येणार नाही.

प्रश्न

१. मुदत, पक्षकार आणि प्रतिज्ञापत्राबाबतच्या हरकतींवर उच्च न्यायालयाने काय निर्णय द्यावा? कोणता दोष याचिकेचा शेवट करतो, कोणता नाही आणि का? (१०)

पुढील प्रश्नांसाठी याचिका ग्राह्य आहे असे समजा.

२. पाकिटे आणि दोन भाषणे यांतून कोणते भ्रष्ट आचरण सिद्ध होऊ शकते? निकालावर परिणाम झाल्याचे दाखवणे कुठे लागते आणि कुठे नाही? (१४)

३. शिक्षा आणि नमुना २६ यांच्या आधारे निवड रद्द होईल का? 'अ' यांच्या वकिलाने अनुच्छेद १९२ खाली राज्यपालांकडे जाण्याचा सल्ला दिला आहे. तो योग्य आहे का? (१०)

४. 'अ' यांना निवडून आल्याचे घोषित करता येईल का? 'ब' यांच्या प्रत्यारोपाचे काय? लाचखोरी सिद्ध झाल्यास अपात्रता कोण आणि किती काळासाठी ठरवते? (६)

परीक्षकांसाठी टिपण

विद्यार्थी बहुतेक वेळा "भ्रष्ट आचरण झाले, म्हणून निवड रद्द" इथेच थांबतात. कृत्य कुणाचे, संमती कुणाची आणि ती याचिकेत मांडली आहे का, हे तीन प्रश्न स्वतःला विचारणाऱ्याला वरचे गुण द्यावेत. खर्चमर्यादेचा मुद्दा मुद्दाम ठेवलेला नाही. तो उकरून काढल्यास गुण नाहीत, वजाही करू नयेत.

प्रश्न १. कलम ८१ ची मुदत निवडीच्या तारखेपासून, आणि ती तारीख कलम ६७अ नुसार घोषणेची. "पासून" असताना पहिला दिवस वगळतात (जनरल क्लॉजेस अॅक्ट, कलम ९). नोव्हेंबरचे ७, डिसेंबरचे ३१ आणि जानेवारीचे ७ मिळून ४५. याचिका शेवटच्या दिवशी, म्हणजे मुदतीत. एक दिवस उशीर झाला असता तर लिमिटेशन अॅक्टचे कलम ५ उपयोगी पडले नसते (हुकुमदेव नारायण यादव, १९७४).

'ड' यांच्याबाबत अर्धे विद्यार्थी फसतील. कलम ८२(क) मध्ये फक्त निवडणूक लढवणारे उमेदवार येतात, म्हणून माघार घेतलेल्यांची गरज नाही असे ते लिहितील. ते बरोबर आहे, पण कलम ८२(ख) म्हणते की भ्रष्ट आचरणाचा आरोप असलेला कोणताही इतर उमेदवार पक्षकार हवाच, आणि माघारीसाठी पैसे घेणे हीही कलम १२३(१) खाली लाच आहे. 'ड' यांचे नामनिर्देशन झाले होते, म्हणून कलम ७९(ख) नुसार ते उमेदवार. कलम ८६(१) मध्ये "फेटाळील" असा आदेश आहे. न्यायालयाला मोकळीक नाही. आरोप मागे घेऊन हा दोष झाकता येत नाही. याचिका इथेच संपते. नमुना २५ ची गोष्ट वेगळी आहे. ती कलम ८३ ची गरज आहे आणि कलम ८६ मध्ये ८३ चा उल्लेख नाही, म्हणून दोष दुरुस्त होऊ शकतो (जी. एम. सिद्धेश्वर, २०१३). दोन्ही दोष एकाच तराजूत तोलणाऱ्याला निम्मेच गुण द्यावेत.

प्रश्न २. 'प' हा निवडणूक प्रतिनिधी नाही. त्याचे कृत्य एकटे उरले तर ते कलम १००(१)(घ)(दोन) मध्ये जाते आणि निकालावर परिणाम दाखवावा लागतो. तफावत १,४४२ ची आणि "दिले" खूण ४१२ नावांपुढे, त्यामुळे ते जमत नाही. पण 'म' यांची संमती सिद्ध झाली की प्रकरण १००(१)(ख) मध्ये येते. मग एका मतदाराला दिलेले ५०० रुपयेही पुरेसे. जप्त झालेली ७५० पाकिटे वाटली गेलेली नाहीत, म्हणून मतांच्या गणितात ती धरू नयेत. ती हेतूचा पुरावा आहेत.

म्हणून सगळे त्या संदेशावर उभे आहे. प्रमाणपत्राशिवाय स्क्रीनशॉट पुराव्यात घेता येत नाही. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलाश गोरंट्याल (२०२०) हा निकाल महाराष्ट्रातल्याच निवडणूक वादातला. प्रमाणपत्र ज्याच्याकडून यायला हवे तो देत नसेल तर न्यायालयाकडे अर्ज करावा, हे त्यात स्पष्ट आहे. फोन पोलिसांकडे असल्याने मूळ फोनच न्यायालयात मागवण्याचा मार्ग लिहिणाऱ्याला जादा गुण. सिद्धतेचा दर्जा जवळपास फौजदारी खटल्याइतका असतो, हेही यायला हवे.

२४ ऑक्टोबरचे भाषण नामनिर्देशनाच्या आधीचे. कलम ७९(ख) च्या व्याख्येने 'ब' तेव्हा उमेदवार नव्हते, आरोप पडतो. १६ नोव्हेंबरच्या भाषणात जातीचे आवाहन (कलम १२३(३)) आहेच, शिवाय सामाजिक बहिष्काराची धमकी कलम १२३(२) च्या परंतुकात नेमकी बसते. हा दुसरा मुद्दा फार थोड्यांच्या लक्षात येईल. अभिराम सिंग (२०१७) प्रमाणे मतदाराच्या जातीचे आवाहनही निषिद्ध आहे. मात्र संमती हे महत्त्वाचे तथ्य आहे आणि याचिकेत फक्त "उपस्थित होते" आहे. "तेच माझं सांगणं" हे वाक्य खटल्यात सिद्ध होईल, पण न मांडलेल्या तथ्याचा पुरावा चालत नाही. कलम ८६(५) खालची दुरुस्ती तपशील वाढवते, नवा आरोप आणत नाही. हे वाक्य नुसता तपशील आहे, असे कुणी नेटाने मांडले तर पूर्ण गुण द्यावेत; माझ्या मते तो युक्तिवाद टिकत नाही.

प्रश्न ३. के. प्रभाकरन विरुद्ध पी. जयराजन (२००५) इथे दोनदा लागतो. एकापाठोपाठ भोगायच्या शिक्षांची बेरीज होते: २७ महिने, म्हणजे कलम ८(३) लागू. आणि निवडीनंतरची निर्दोष मुक्तता मागे जाऊन अपात्रता पुसत नाही. शिक्षेच्या स्थगितीने काही साधत नाही, दोषसिद्धीला स्थगिती हवी होती. निवड १००(१)(क) खाली रद्द. सदनिका लपवणे ठळक आहे आणि लोकप्रहरी (२०१८) नंतर ते अवाजवी प्रभावात मोडते. दुचाकी मात्र कारिखो क्री (२०२४) नंतर क्षुल्लक. विजयी उमेदवाराचेच नामनिर्देशन चुकीने स्वीकारले असेल तर निकालावरचा परिणाम वेगळा दाखवावा लागत नाही. राज्यपालांकडे जाण्याचा सल्ला चुकीचा: अनुच्छेद १९२ निवडीनंतर आलेल्या अपात्रतेसाठी आहे (साका वेंकट राव, १९५३).

प्रश्न ४. 'ब' यांची ४१२ मते वजा केली तरी ८८,००० उरतात, 'अ' यांच्यापेक्षा १,०३० जास्त. कलम १०१(ख) पुरे होत नाही. अपात्र उमेदवाराची सगळी मते वाया गेली असे 'अ' म्हणतील, पण मतदारांना अपात्रता माहीत होती हे दाखवल्याशिवाय तसे धरता येत नाही, आणि इथे 'क' यांची २१,३०६ मतेही रिंगणात आहेत. प्रत्यारोपासाठी कलम ९७ ची सूचना खटला सुरू झाल्यापासून १४ दिवसांत लागते. हजेरीच्या तारखेपासून खटला सुरू धरतात, म्हणजे १७ मार्चला मुदत संपली. लेखी जबाबातला आरोप तिची जागा घेत नाही.

उच्च न्यायालय अपात्रतेची मुदत ठरवत नाही. ते कलम ९९ खाली दोषी व्यक्तींची नावे नोंदवते. 'म' आणि 'प' पक्षकार नाहीत, म्हणून त्यांना आधी नोटीस आणि उलटतपासणीची संधी द्यावी लागेल. त्यानंतर कलम ८अ नुसार प्रकरण राष्ट्रपतींकडे जाते. निवडणूक आयोगाचे मत घेऊन ते जास्तीत जास्त सहा वर्षांची अपात्रता ठरवतात, आणि ती 'ब' इतकीच 'म' व 'प' यांच्यावरही येऊ शकते. सर्वोच्च न्यायालयातले अपील कलम ११६अ खाली ३० दिवसांत.