विषय: नोव्हेंबरच्या बिलातून झालेल्या टीडीएस कपातीचा हिशेब

देशमुख मॅडम,

सप्रेम नमस्कार.

अंतर्गत सजावटीच्या आराखड्यांच्या आपल्या बिलापोटी ६,००० रुपये कमी का जमा झाले, हे कालच्या त्रोटक ईमेलवरून कळणे कठीण होते, म्हणून हिशेब सविस्तर देत आहे.

आपले शुल्क ६०,००० रुपये.
त्यावर १८ टक्के जीएसटी १०,८०० रुपये, म्हणजे बिल ७०,८०० रुपये.
वजा टीडीएस, शुल्काच्या १० टक्के: ६,००० रुपये.
खात्यात जमा: ६४,८०० रुपये.

आयकर कायद्याच्या कलम १९४जे नुसार व्यावसायिक शुल्क आर्थिक वर्षात ५०,००० रुपयांपेक्षा अधिक झाल्यास ही कपात करणे आम्हाला बंधनकारक आहे. मात्र आपण बिलात जीएसटी वेगळा दाखवल्यामुळे त्या रकमेवर कपात झालेली नाही आणि तो आपल्याला पूर्ण मिळाला आहे.

हे ६,००० रुपये कंपनीकडे राहत नाहीत. ते आपल्या पॅनवर ७ डिसेंबर २०२५ पर्यंत सरकारकडे भरले जातील. आमचे टीडीएसचे तिमाही विवरणपत्र दाखल झाल्यावर ती नोंद आपल्या २६एएस या कर-नोंदींच्या पत्रकात दिसेल, आणि कपातीचे प्रमाणपत्र म्हणजेच फॉर्म १६ए आम्ही १५ फेब्रुवारी २०२६ पर्यंत पाठवू. आपले वार्षिक आयकर विवरणपत्र भरताना ही रक्कम आपल्या एकूण करातून वजा होईल, आणि कर त्याहून कमी निघाल्यास फरक परत मिळेल.

बिलावरील पॅन एकदा तपासून कळवावा, कारण तिथे एक अक्षर चुकले तरी नोंद आपल्या नावावर येत नाही.

आपला,
मंदार
लेखा विभाग, पुणे